शटर ओढून मुलाची वाट पाहू नका

*रविवार पेठेत आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. जागा भाड्याची, पावती अजून वडिलांच्याच नावाने फाटते. माझं वय ६४, गुडघे साथ देत नाहीत. मुलगा फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूडला क्लिनिक टाकतोय. ‘दुकानात बसणार नाही’ असं त्याने स्पष्ट सांगितलंय. धाकटा भाऊही दुकानातच होता. तो गेल्यापासून त्याचा मुलगा, माझा पुतण्या, ११ वर्षं माझ्याबरोबर बसतो. त्याला २० हजार देतो. महिन्याची विक्री तीन लाखांच्या आसपास, शंभरामागे अठरा सुटतात. बायको म्हणते, दुकान मुलाचंच राहिलं पाहिजे. वर्ष-दोन वर्षं शटर ओढून ठेवावं का? तोवर मुलाचं मन बदलेल. – एक दुकानदार*

नमस्कार.

शटर ओढू नका. ही भावनेची नाही, कायद्याची गोष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाड्याची जागा सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरात नसेल, तर मालकाला ती रिकामी करून मागता येते. मुलाचं मन बदलायची वाट पाहणं हे सबळ कारण ठरेल, असं मला वाटत नाही. पेठेतल्या जुन्या भाडेकरूने कुलूप लावलेलं बरेच मालक तारखेनिशी टिपून ठेवतात. मुलासाठी राखायला जाल आणि जागाच हातची जाईल.

आता वहिनींच्या म्हणण्याकडे वळते. पावती वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे प्रश्न एकट्या तुमचा नाही. व्यापाराच्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्यासोबत तिथे धंदा करणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क आधी येतो. तसं कोणी नसेल तर वारसांचा, आणि आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवतं. वडील गेले तेव्हा तुमचा भाऊही गल्ल्यावर असेल, तर त्याच्या बायको-मुलाला बोलायला जागा आहे. उद्या तुमचं काही झालं, तर ११ वर्षं त्या गादीवर बसलेला पुतण्याही हक्क सांगू शकतो, आणि तुमचा मुलगा तेव्हा कोथरूडला असेल. ‘दुकान मुलाचंच’ हे घरात ठरून भागणार नाही.

एकदा वहिनींना हिशेब मांडून दाखवा. तीन लाखांवर १८ टक्के म्हणजे ५४ हजार. त्यातून पुतण्याचे २० हजार गेले. वीज, भाडं, हमाली, पॉलिश मिळून नऊ हजार धरू. उरले २५ हजार, आणि तुमच्या दहा तासांच्या बैठकीचा पगार यातच आला. तुमच्या जागी पगारी माणूस ठेवला तर हातात जवळपास काही राहत नाही. मुलगा नाकारतोय ते हे २५ हजार आहेत. खरी पुंजी माळ्यावर पडली आहे.

म्हणून दुकान पुतण्याच्या हाती द्या, पण देताना माल आणि जागा वेगळी करा. लगीनसराई संपली की दोन दिवस सगळं खाली उतरवून वजन करा. गेल्या तीन वर्षांत खपणाऱ्या मालाला खरेदीचा भाव लावा. जे हललंच नाही, ते बंब, मोठी घंगाळं, जाड परातींचे ढीग, त्यांना मोडीचा भाव. हा भाव लावताना छातीत कळ येईल, पण इथे मन मोठं करून किंमत फुगवलीत तर पुतण्या हप्ते फेडताना बुडेल. जी रक्कम येईल ती त्याने महिन्याच्या हप्त्यांनी तुम्हाला द्यावी, आणि त्यातून मुलाच्या क्लिनिकला हातभार लावा. वहिनींच्या मनातला वाटा असा पोचतो.

जागेचं जरा जपून. ‘तू चालव, मला महिन्याला अमुक दे’ असं तोंडी ठरवू नका, मालक त्याला पोटभाडेकरू ठरवून दावा लावेल. भागीदारी केलीत तर ती खरी हवी. कागदावर भागीदार आणि प्रत्यक्षात तुम्ही घरी, हे कोर्टात टिकणं कठीण. सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे मालकाशी बोलून पावती पुतण्याच्या नावावर करून घेणं. संमतीबद्दल तो पैसे मागेल. या कायद्याने ते घेणं बेकायदा नाही, किती द्यायचे हा घासाघिशीचा भाग. लेखी करार करा, रोख देऊ नका. मुलगा, भावजय आणि बहीण असेल तर तिचीही ना-हरकत आधी घ्या. दुकानाची जीएसटी नोंदणी असेल, तर धंदा पुतण्याच्या नावावर गेला की त्याची नवी लागेल, तेवढं सीएला विचारा.

मुलाला ‘येशील का’ हे आता विचारू नका, त्याने उत्तर दिलंय. त्याच्याकडे ना-हरकतीची सही मागा, आणि ती मागताना पुतण्या समोर असू द्या. वकिलाकडे जाताना वडिलांच्या काळातल्या भाडेपावत्या, शॉप ॲक्टचे जुने परवाने आणि भाऊ दुकानात होता तेव्हाच्या वह्या सोबत न्या. वाळवी लागायच्या आत त्यांच्या झेरॉक्सही काढून ठेवा.