मैत्रिणीच्या मानसिक आजाराबद्दल लिहायचंय, नाव बदललं की पुरे का?

«जवळच्या मैत्रिणीला बायपोलर डिसऑर्डर आहे. त्या काळात मी सोबत होते, त्यावर लेख लिहायचाय. नाव बदललं की पुरे का? परवानगी मागायची तर कशी?»

नाही, पुरत नाही. अनोळखी वाचकाला तुमची मैत्रीण कोण हे खऱ्या नावानंही कळलं नसतं. तिला ओळखतील ते तुम्हा दोघींना ओळखणारे, आणि त्यांच्यासाठी लेखावरचं तुमचं नाव हाच पहिला धागा असतो.

समजा, मसुद्यात असं आहे:

«कॉलेजपासूनची माझी मैत्रीण आर्किटेक्ट आहे, तिला जुळ्या मुली आहेत. गेल्या मार्चमध्ये ती सलग तीन रात्री झोपली नाही. चौथ्या दिवशी तिनं नोकरी सोडली, भावाकडून पैसे घेऊन स्वतःच्या ऑफिससाठी जागा घेतली आणि रात्री दोन वाजता सगळ्यांना फोन केले.»

यातला प्रत्येक तपशील सुटा घेतला तर हजारोंना लागू पडेल. पण आर्किटेक्ट, जुळ्या मुली, मार्च आणि कॉलेज एकत्र आले की एकच बाई उरते. म्हणून मसुद्यावर पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक तपशिलाला विचारा: हा आजार दाखवतो की माणूस? न झोपता न दमणं, घाईचे मोठे निर्णय, अवेळी फोन हे आजार दाखवतात. बाकीचं गेलं तरी लेखाचं काही बिघडत नाही:

«एका मैत्रिणीची झोप अचानक उडाली. तीन रात्री जागूनही ती दमली नव्हती. बोलणं तर इतकं वेगात की मध्ये शिरायला जागाच नाही. एरवी लहानसहान खरेदीलाही चार दिवस घेणारी ती, एका सकाळी आयुष्यातले दोन मोठे निर्णय घेऊन मोकळी झाली. रात्री दोनला फोन आला तेव्हा काय बोलावं ते मला सुचेना.»

इथे तपशील गाळलेत, खोटे घातलेले नाहीत. आर्किटेक्टची डॉक्टर केलीत आणि तुमच्या ओळखीत खरंच एखादी डॉक्टर असली, तर संशय तिच्यावर जाईल. निदान, लक्षणं, औषधाचा परिणाम यांना तर हात लावूच नका. तोच आजार असलेले वाचक ते स्वतःशी ताडून बघतात.

परवानगीत सगळ्यात जास्त चुकते ती वेळ. मॅनियात, म्हणजे या आजारात मन अतोनात चढलेलं असतं त्या काळात, माणूस कशालाही हो म्हणू शकतो, «माझं नाव टाक, फोटोही टाक» इथपर्यंत. नैराश्यात उलट, आपण सगळ्यांवर ओझं आहोत या भावनेपोटी नाही म्हणायचं बळ उरत नाही. दोन्ही वेळचा होकार धरू नये. झोप आणि रोजचं वेळापत्रक रुळावर येऊन काही आठवडे गेले की मग विचारा, आणि समोरासमोर नको, मेसेजवर विचारा, म्हणजे तिला तुमचा चेहरा सांभाळावा लागणार नाही. लेख कुठे येणार, कोण वाचणार, नंतर काढला तरी कॉपी आणि स्क्रीनशॉट राहू शकतात, हे सगळं लिहा. «नाही म्हणालीस तर कारण विचारणार नाही» हेही लिहा आणि तसंच वागा.

लिहून झाल्यावर पूर्ण मसुदा तिला द्या आणि पुन्हा विचारा. «चालेल ना?» असं विचारलंत तर ती हो म्हणून मोकळी होईल, «यातलं काय काढू?» असं विचारा. शीर्षक आणि फोटोही दाखवा, कारण संपादक नेमकं तेच बदलतो आणि बोचतंही तेच. छापून येईपर्यंत तिला कधीही माघार घेता आली पाहिजे. तिनं नकार दिला तर माझ्या मते लेख ठेवून द्यावा. «मी फक्त माझा अनुभव लिहिते» म्हटलं तरी त्या अनुभवात तीच असते.

होकार मिळाला तरी सगळं लिहावं असं नाही. मॅनियात तिनं पाठवलेले मेसेज जसेच्या तसे देऊ नका. ग्रुपवरचे लोक एका वाक्यावरून ओळखतात, आणि शुद्धीवर आल्यावर सर्वात जास्त लाज त्याचीच वाटते. आत्महत्येच्या प्रयत्नाचा उल्लेख अटळ असेल, तर पद्धत, जागा आणि चिठ्ठी वगळा. जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांनाही हेच सांगते. «ती बायपोलर आहे» ऐवजी «तिला बायपोलर आहे» म्हणा. आणि एखादा साधा दिवस लेखात येऊ द्या, ज्यात ती कुणाची तरी चेष्टा करतेय किंवा तुमचीच चूक दाखवतेय. आपल्याला आठवतात ते फक्त वाईट दिवस, त्यामुळे कागदावर ती नुसती पेशंट होऊन बसते.

लेख आल्यावर «ही ती ना?» असे फोन येतील. चुकीच्या नावाला «छे, ती नाही» म्हणालात तर बरोबर नाव आल्यावर तुमचं गप्प राहणंच उत्तर ठरेल. म्हणून पहिल्या नावापासून एकच वाक्य ठेवा: «कोण ते मी कुणालाच सांगत नाही.»