दोन घरं, एक गोधडी

ताई, लेक सांगलीहून बाबांकडून साताऱ्याला परतला की रात्री चिडचिड करतो, म्हणून तुम्ही सायकल घ्यायला निघालात. थोडं थांबा. आम्ही नवरा-बायको वेगळे झालो, त्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं. दर खेपेला मुलीला नवं खेळणं. चौथ्या खेपेला ती एसटीतून उतरताच माझ्या हाताकडे बघायला लागली, तोंडाकडे नाही.

सुरुवातीला एवढंच करा:

- टूथब्रश, चप्पल, घरचे कपडे दोन्हीकडे वेगळे ठेवा. पोरानं पाहुण्यासारखं बोचकं घेऊन यायला नको.
- एकच वस्तू सोबत फिरू द्या. आमच्याकडे आजीची गोधडी होती. ती आल्या आल्या धुवायला टाकू नका. त्या घरचा वास तिला लागलेला असतो, आणि पोराला तोच हवा असतो.
- दिलेली भेट मुलाची. "ही इथंच राहील" म्हणू नका.

आल्यावर पहिला तासभर "तिकडे काय केलंस?" विचारू नका. हातपाय धुऊन वरणभात, मग खेळायला सोडा. आमची आपणहून बोलायची, बहुतेक दुसऱ्या वाढपाला. झोपायची वेळ तेवढी दोन्ही घरी एकच ठेवा. बाकी नियम वेगळे असले तरी मुलं जमवून घेतात.

चिडचिड एक-दोन दिवसांत ओसरली तर ठीक. आठवडे गेले तरी झोप-जेवण बिघडलेलंच असेल, तर बालसमुपदेशकाला भेटा.