लिथोफेन उभाच प्रिंट करा, गालावरच्या रेषा आडवेपणामुळे येतात

प्रश्न: आजी-आजोबांच्या जुन्या फोटोचा थ्रीडी प्रिंटरवर लिथोफेन केला, म्हणजे मागून उजेड टाकला की जाडीच्या फरकाने फोटो दिसणारा पॅनेल, पण चेहऱ्यावर नकाशासारख्या रेषा आल्या. जाडी किती ठेवू? उभा करू की आडवा? पुढे त्याचाच दिवा करायचा आहे.

उत्तर:

उभा. आडवा पॅनेल प्रिंट होताना पडत नाही, एवढाच त्याचा गुण, आणि तेवढ्यासाठी लोक चेहरा घालवतात. "लेयर बारीक कर, आडवाच चांगला येतो" असं मला वर्षानुवर्षं सांगितलं गेलंय. हिशेबच करून पाहा. पॅनेल 0.8 ते 3.0 मिमी असेल तर मध्ये 2.2 मिमी उरतात. 0.2 च्या लेयरने त्याच्या फक्त 11 पायऱ्या होतात आणि गालाच्या वाट्याला त्यातल्या तीन-चार येतात. तुम्हाला दिसणाऱ्या नकाशाच्या रेषा म्हणजे त्या पायऱ्यांच्या कडा. 0.08 केलं तरी 27च होतात. उभ्या पॅनेलमध्ये जाडी लेयरवर अवलंबून नसते. नोझल कुठे वळतं यावर ती ठरते आणि तिथे मिमीच्या शंभराव्या भागाइतका फरकही उमटतो, म्हणून छटा सलग उतरते.

जाडीचं कारण प्रकाशात आहे. समजा तुमच्या पांढऱ्या पीएलएचा 1 मिमी थर निम्मा प्रकाश अडवतो. मग 0.8 मिमीतून साधारण 57 टक्के येईल, 3.0 मिमीतून 12 टक्के आणि 4 मिमीतून 6 टक्के. 3 च्या पुढचा काळा डोळ्याला फारसा वेगळा वाटत नाही, वेळ मात्र खातो. 0.8 च्या खाली गेलात तर 0.4 च्या नोझलच्या दोन रेषाही बसत नाहीत आणि भिंतीत फटी राहतात. पण प्रत्येक पांढरा पीएलए वेगळा असतो. म्हणून आधी 0.8 पासून 3.6 पर्यंत 0.4 च्या पायऱ्यांची एक पट्टी उभी छापा, ज्या दिव्यात वापरणार त्यासमोर धरा आणि ज्या पायरीनंतर फरक दिसेनासा होतो, तीच तुमची कमाल जाडी.

आता फोटो. 100 × 150 मिमीचा पॅनेल धरू. 400 × 600 पिक्सेल पुरेत. त्याहून जास्त तपशील नोझल काढू शकत नाही, फाइल मात्र जड होते. काळ्या-पांढऱ्यात आणा आणि आधी सावल्या उजळा: आजोबांचा गडद कोट आणि मागचा पडदा दोन्ही 3 मिमीला गेले की कोटाची कडाच नाहीशी होते. मागचा पडदा फिकट राखाडी केलात तर डोकं आपोआप वेगळं उठतं. जुन्या फोटोच्या कागदाचे कण हलक्या ब्लरने घालवा. नाहीतर प्रत्येक कण भिंतीवरचा खवला होतो, प्रिंटरचं डोकं सतत थरथरतं आणि डोळ्यांच्या बाजूला लहरी दिसतात. डोळे-ओठ मात्र ब्लरमधून वगळा. क्युरात चित्र आणताना `Darker is higher` निवडा, नाहीतर निगेटिव्ह येईल. मॉडेल तयार झालं की एकूण जाडी 3.0 दाखवते ना, तेही तपासा.

बेड पुढे-मागे हलणारा प्रिंटर असेल तर पॅनेलची अरुंद कड तुमच्याकडे करा, म्हणजे चेहरा डावीकडे किंवा उजवीकडे पाहील. बेडचा झटका मग पॅनेलच्या लांबीने बसतो. चेहरा समोर ठेवलात तर तोच झटका पातळ बाजूने बसतो आणि वरचा भाग डुलतो. ब्रिम 8 मिमी, लेयर 0.12, वेग 40 मिमी प्रति सेकंद. `Wall Line Count` 10 ठेवा, म्हणजे सगळी जाडी भिंतींनीच भरेल आणि प्रकाशात इनफिलची जाळी दिसणार नाही. सीम मागे ठेवलात की ती अरुंद कडेवर जाते. 1250 लेयर होतील, साडेतीनशे मिनिटांच्या आसपास लागतील आणि सरासरी जाडी 2 मिमी धरली तर 37 ग्रॅम पीएलए जाईल. वरच्या अर्ध्याच भागात आडव्या लहरी दिसल्या तर फोटोला दोष देऊ नका, पॅनेल डुलतोय. वेग उतरवा, किंवा पॅनेल थोडा वक्र करा. वक्र भिंत स्वतःच्या आधाराने उभी राहते.

एक गोष्ट मान्य करायला हवी: रंगीत थरांचे लिथोफेन आडवेच करावे लागतात, कारण तिथे रंग लेयरने बदलतो. तुमचा तो प्रकार नाही.

दिव्याबद्दल थोडक्यात. फक्त एलईडी, 3 ते 5 वॅट. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतो, त्यामुळे जुना पिवळा बल्ब नको. एलईडीची पट्टी पॅनेलला चिकटवलीत तर ठिपके दिसतात. मध्ये 40-50 मिमी अंतर ठेवा किंवा दुधी ॲक्रिलिकची पट्टी घाला.