‘अवशिष्ट नफा’ की ‘शिल्लक उत्पन्न’?

प्रश्न: विभागप्रमुखाचं काम जोखताना ‘रेसिड्युअल इन्कम’ म्हणतात, त्याला ‘शिल्लक उत्पन्न’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘गुंतवणुकीवरील परतावा’ असताना हा वेगळा शब्द हवाच कशाला?

‘शिल्लक’ मला खटकतो. तो ऐकला की खात्यात उरलेली रोख रक्कम डोळ्यांसमोर येते. शिवाय बोलण्यात ‘रेसिड्युअल इन्कम’ हे घरबसल्या येणाऱ्या उत्पन्नालाही म्हणतात, त्यामुळे घोटाळा वाढतो. इथे उरतो तो नफाच, आणि तोही विभागाने वापरलेल्या भांडवलाचा आकार, म्हणजे त्या भांडवलावर कंपनीला किमान अपेक्षित असलेली रक्कम, वजा केल्यावर. म्हणून मी ‘अवशिष्ट नफा’ म्हणेन. ‘शेष’ आणि ‘अवशिष्ट’ एकाच धातूतले. कशातून काहीतरी वजा झालंय, हे त्या शब्दातच आहे.

परतावा हा दर आहे, अवशिष्ट नफा ही रक्कम आहे. वेगळा शब्द लागतो तो या फरकामुळे. एका विभागात १०० लाख गुंतलेत आणि वर्षाचा नफा २५ लाख आहे, असं धरू. परतावा २५ टक्के. भांडवलावर किमान १५ टक्के सुटावेत, अशी कंपनीची अपेक्षा आहे. आता ४० लाखांचा एक प्रकल्प पुढे येतो, वर्षाला ८ लाख नफा देणारा, म्हणजे २० टक्क्यांचा. कंपनीला तो हवाच. पण विभागप्रमुखाने तो घेतला की हिशेब होतो १४० लाखांवर ३३ लाख, आणि परतावा २३.६ टक्क्यांवर येतो. बोनस परताव्यावर ठरत असेल तर तो माणूस ही फाइल पुढे सरकवणारच नाही. त्यात त्याची लबाडी नाही. मोजपट्टीच त्याला तसं सांगते.

अवशिष्ट नफ्याने पाहा. आधी २५ वजा १०० लाखांवरच्या १५ टक्क्यांचे १५, म्हणजे १० लाख. प्रकल्पानंतर ३३ वजा १४० लाखांवरचे २१, म्हणजे १२ लाख. २ लाखांची भर पडली, तेव्हा तोच माणूस प्रकल्पाला हो म्हणेल.

परताव्याची आणखी एक खोड अशी की यंत्रं जुनी होत जातात तसा घसाऱ्याने त्यांचा पुस्तकी आकडा उतरतो आणि नफा तोच राहिला तरी टक्के आपोआप चढतात. नवी यंत्रं टाळणारा विभाग कागदावर छान दिसतो. भाजक पुस्तकी किमतीचा आहे की मूळ किमतीचा, हे आधी विचारावं. अवशिष्ट नफाही यातून सुटत नाही, कारण भांडवलाचा आकार त्याच पुस्तकी आकड्यावर लागतो.

शिवाय तो रक्कम असल्यामुळे मोठ्या विभागाचा आकडा सहसा मोठाच दिसतो. १,००० लाख गुंतवून २० लाख उरवणारा आणि १०० लाखांत १० लाख उरवणारा, यांत पहिला सरस ठरवणं मला पटत नाही. म्हणून दोन विभाग शेजारी ठेवण्यापेक्षा एकाच विभागाचा यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहावा.