पाचाचे दहा लाख करण्याआधी पॉलिसी उघडून वाचा

प्रश्न : आम्ही नाशिकला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. गृहकर्जाबरोबर बँकेनेच दहा वर्षांची 'भारत गृह रक्षा' पॉलिसी दिली आहे, त्यात दागिन्यांसाठी ५ लाख आहेत. पत्नीचे आणि आईचे मिळून ३० तोळे सोने आहे. विमा आहेच म्हणून यंदा लॉकर सोडला, वर्षाला साडेतीन हजार वाचले. आता एजंट म्हणतात, ५ चे १० लाख करून घ्या, यादी-बिले काही लागत नाही. घरफोड्या वाढल्यात, तर करावे का?

उत्तर : नाही. आणि हे उत्तर वाचून होताच बँकेत फोन करून लॉकर परत मिळतो का ते विचारा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्हाला भीती घरफोडीची आहे आणि तुमच्याकडे पॉलिसी आहे आगीची. भारत गृह रक्षा ही विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना लागू केलेली ठरावीक साच्याची पॉलिसी आहे. आग, भूकंप, पूर, वादळ, दंगल यांसाठी ती चांगली आहे, स्वस्तही आहे. पण तिच्यातलं चोरीचं कलम नीट वाचा. वर सांगितलेल्यांपैकी एखादी आपत्ती घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच भरपाई मिळते. म्हणजे आग लागली, दार तुटलं आणि त्या गोंधळात कुणी कपाट साफ केलं, तर पैसे मिळतील. तुम्ही चार दिवस गावाला गेलात आणि कडीकोयंडा तोडून कुणी आत आलं, तर एक रुपया नाही. पाचाचे दहा काय, पन्नास लाख केलेत तरी तेच. मौल्यवान वस्तूंचं कलम मूळ पॉलिसीतल्याच आपत्तींवर चालतं. त्यात घरफोडी आपोआप शिरत नाही.

तेव्हा विमा आहे म्हणून लॉकर सोडला यातला 'विमा' घरफोडीपुरता अस्तित्वातच नाही. हिशेब सोपा जावा म्हणून तोळ्याला एक लाख धरू (तोळा म्हणजे दहा ग्रॅम, भाव तुम्ही वाचाल त्या दिवशीचा लावा). तीस लाखांचं सोनं साडेतीन हजार वाचवण्यासाठी कपाटात आणून ठेवलं आहे.

एजंटचं दुसरं वाक्य तर त्यांच्याच प्रस्तावाने खोटं ठरतं. या पॉलिसीत दागिन्यांचा विमा आधी ठरवलेल्या मूल्यावर होतो आणि त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला लागतो. दाखल्यातून सूट आहे, पण तिला दोन अटी आहेत : एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि कोणतीही एक वस्तू १ लाखापर्यंत. पाचाचे दहा केले की पहिली अट मोडली, दाखला सक्तीचा झाला. आणि दुसरी अट तुमच्या आजच्या पाच लाखांतही मोडलेली असणार. हा साचा आला तेव्हा तोळ्याचा भाव पन्नास हजारांच्या आत होता, म्हणजे दोन तोळ्यांची वस्तू सवलतीत बसत होती. वर धरलेल्या लाखाच्या भावाने एका तोळ्याच्या वर गेलात की बाहेर. मला सांगा, आईच्या पाटल्या, पत्नीचं मंगळसूत्र, यातलं काय एका तोळ्यात बसतं? अंगठ्या आणि कानातले सोडले तर बहुधा काहीच नाही.

काही वाचक म्हणतील, घरातल्या सामानाला याच पॉलिसीत आपोआप विमा असतो ना? असतो. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. पण तो टीव्ही, फ्रिज, सोफा, कपाटांचा. दागिने, चांदीची भांडी, चित्रं, प्राचीन वस्तू त्यात धरत नाहीत. देवघरातलं चांदीचं ताम्हण आणि समयासुद्धा यादीत वेगळ्या याव्या लागतात.

आता करायचं काय ते. तीस तोळ्यांपैकी रोजच्या वापरातलं किती, ते आधी वेगळं काढा. समजा मंगळसूत्र ३ तोळे, चार बांगड्या ४ तोळे आणि कानातले-अंगठ्या मिळून १ तोळा, असे ८ तोळे घरात राहणार. उरलेले बावीस लॉकरमध्ये. लॉकर म्हणजे विमा नव्हे, हेही लक्षात असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. साडेतीन हजार भाडं, म्हणजे साडेतीन लाख. आत बावीस लाख होते हे बँकेला माहीतच नसतं. पूर-भूकंपाला तर तीही जबाबदारी नाही, त्यामुळे गोदावरीला पूर आला की पाणी शिरतं त्या भागातल्या शाखेत तळमजल्याचा लॉकर घेऊ नका. तरीही दोन बीएचकेच्या लाकडी कपाटापेक्षा बँकेची तिजोरी फोडणं अवघड असतं, आणि साडेतीन हजार आपण त्याच अवघडपणाचे देतो.

घरातल्या ८ तोळ्यांसाठी दागिन्यांचा 'ऑल रिस्क' विमा मागा, म्हणजे घराबाहेरही लागू राहणारा. नुसता घरफोडीचा घेतलात तर तो घराच्या चार भिंतींपुरता असतो. सकाळी फिरायला गेलेल्या पत्नीचं मंगळसूत्र दुचाकीवरून ओढलं तर तो कामाचा नाही. शिवाय घरफोडीच्या कलमात बळजबरीने आत शिरणं ही अट असते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा पॉलिसीत ही अट जशी लिहिली आहे तशीच लागू होते असं म्हटलं आहे. दार उघडं राहिलं आणि कुणी आत येऊन डबा उचलला, कुलूप तुटल्याची खूण नाही, तर दावा अडकतो. ऑल रिस्कमध्ये ही भानगड बरीच कमी होते, पण कामवाल्या माणसांनी केलेली चोरी काही कंपन्या त्यातूनही वगळतात. ती ओळ शोधून वाचा. हप्ता कंपनीनुसार बदलतो. अंदाजाला शेकडा एक धरा. आठ लाखांवर आठ हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास. महाग वाटला तर घरातलं सोनं आठाचं पाच तोळे करा. विमा रक्कम मात्र मुद्दाम कमी लिहू नका.

कारण असं. तीस लाखांचं सोनं घरात ठेवून घरफोडीच्या पॉलिसीत दहा लाखांचा एकत्र आकडा लिहिलात आणि सहा लाखांचं चोरीला गेलं, तर पुष्कळदा हाती दोन लाख येतात. एक तृतीयांश विमा, म्हणून एक तृतीयांश भरपाई. वस्तुवार यादी दिली की प्रत्येक वस्तूचा हिशेब तिच्या स्वतःच्या ओळीपुरता राहतो. यादीचा खरा फायदा इथे आहे, आणि तुमचा एजंट तीच टाळायला सांगतो आहे.

यादी कशी करायची? एक दुपार काढा. प्रत्येक दागिना इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा आणि काट्यावरचं वजन दिसेल असा फोटो घ्या. दुसरा फोटो मागच्या बाजूचा, हॉलमार्कचा. २०२१ नंतर घेतलेल्या बहुतेक दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. तो BIS Care ॲपमध्ये घातला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. त्याचाही स्क्रीनशॉट ठेवा. मग मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून दाखला घ्या, आणि त्यात एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन आणि खडे वेगवेगळे लिहिले आहेत का ते तिथेच बसून तपासा. "सोन्याचे दागिने, ३०० ग्रॅम" अशा एका ओळीच्या दाखल्याने दाव्याच्या वेळी काही सिद्ध होत नाही. घडणावळ मूल्यात धरली आहे की नाही, हेही लिहून घ्या. घडणावळ नुकसानभरपाईत देतात की नाही, यावर नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरशी वाद ठरलेला.

आईच्या दागिन्यांची पावती नसणार, ते गृहीत धरतो. पण काहीच पुरावा नसतो असं क्वचितच होतं. सराफाकडे जुना दागिना मोडून नवा केला असेल तर नव्या बिलावर 'जुने सोने, मोड' अशी ओळ वजनासकट असते. हा पुरावा फार चांगला, आणि लोक नेमकं तेच बिल फेकतात. लग्नाच्या अल्बममधला आईचा फोटो, वडिलांच्या मृत्युपत्रातली नोंद, पूर्वी सोनेतारण कर्ज घेतलं असेल तर बँकेची वजनपावती, हे सगळं चालतं. 'विवाहित स्त्रीला ५०० ग्रॅमपर्यंत बिल लागत नाही' हा व्हॉट्सॲपवरचा संदेश इथे लावू नका. ते आयकर खात्याच्या झडतीत काय जप्त करायचं नाही याबद्दल आहे. विमा कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि पॉलिसी तुमच्या नावाची असेल तर आईचं नाव कुटुंबातील सदस्य म्हणून पॉलिसीत आणि तिचे दागिने यादीत तिच्या नावापुढे लिहून घ्या. मालक कोण, हा प्रश्न चोरीनंतर उपस्थित झाला की उत्तर द्यायला फार वेळ जातो.

फोटो आणि दाखला घरच्या कपाटात ठेवू नका, स्वतःलाच ईमेल करा. चोरी झाली तर पहिल्याच दिवशी एफआयआर आणि कंपनीला कळवणं, दोन्ही. एफआयआरमध्ये 'अंदाजे २० तोळे' असं घाईत सांगू नका. यादीप्रमाणे वस्तू आणि वजन लिहून द्या, कारण सर्व्हेअर दोन्ही कागद शेजारी ठेवून फरक शोधतो. माल मिळाला नाही तर शेवटी कंपनी पोलिसांची 'अ समरी' मागेल, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल. तो हाती यायला काही महिने जाऊ शकतात.

एजंटना आता ईमेलवर दोनच गोष्टी विचारा : माझ्या पॉलिसीत आपत्तीशिवाय झालेली घरफोडी कोणत्या कलमाखाली येते, आणि मूल्यांकनाचा दाखला न देता दहा लाखांचा विमा कोणत्या नियमाने देणार. फोनवर उत्तर घेऊ नका. मूळ पॉलिसी मात्र रद्द करू नका. आगीसाठी, पुरासाठी ती हवीच आहे आणि तिचा दहा वर्षांचा हप्ता तुम्ही कर्जातून आधीच भरून बसला आहात.