डीडीच्या फोटोवरून पावती रजिस्टर कसं भरायचं?

प्रश्न: डीडीच्या फोटोवर तीन-चार नंबर आणि दोन बँकांची नावं दिसतात. रजिस्टरमध्ये ड्रॉई बँक आणि नंबर म्हणून काय लिहायचं?

उत्तर: नंबर म्हणून तळाच्या चुंबकीय शाईच्या पट्टीतले डावीकडचे पहिले सहा आकडे लिहा, आणि ड्रॉई म्हणून पैसे देणारी बँक.

त्या सहानंतरचे नऊ आकडे एमआयसीआर कोड असतात: शहर, बँक, शाखा, प्रत्येकी तीन. समजा वर एखाद्या नागरी सहकारी बँकेचं नाव आहे, पण कोड 400002 ने सुरू होतो. 400 म्हणजे मुंबई, 002 म्हणजे स्टेट बँक. अशा छोट्या बँका मोठ्या बँकेवर डीडी काढतात, तेव्हा ड्रॉई स्टेट बँक. सहकारी बँकेचं नाव शेऱ्यात जाऊ द्या. पे ऑर्डरवर हा घोळ सहसा नसतो, काढणारी बँकच पैसे देते.

तारीख वर उजवीकडच्या आठ चौकटींतली, आधी दिवस, मग महिना. मुदत तिथपासून तीन महिने. रक्कम अक्षरांवरून उतरवून आकड्यांशी ताडा. जुळत नसेल तर नोंद थांबवा.

फोटोत 3 आणि 8 सारखेच दिसतात, त्यामुळे नंबर पक्का करायचा तो मूळ कागद हातात घेऊनच.