थांबलेल्या ओळींची यादी

प्रश्न : ऑफिसात पोर्टलवर तेच तेच फॉर्म भरायचं कंटाळवाणं काम कोणी स्वतः ऑटोमॅटिक केलंय का? अनुभव कसा होता, वेळ खरंच वाचला का?

हो, केलंय. मी देवगड तालुक्यातल्या एका सोसायटीत क्लार्क आहे. दर नोव्हेंबरला आंबा-काजू बागायतदारांचे विम्याचे अर्ज आमच्याकडून भरून जातात. गेल्या वेळी १८४ होते. एका अर्जात नाव, आधार, खाते क्रमांक, आयएफएससी, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, झाडं. हाताने एकाला नऊ-दहा मिनिटं लागायची. संध्याकाळी नेट गचके खायचं आणि लॉगिन सुटायचं, मग पहिल्यापासून सुरुवात.

भाच्याच्या मदतीने पायथन आणि ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम वापरून स्क्रिप्ट लिहिली. आधी सचिवांची परवानगी घेतली. कॅप्चा मी हाताने टाकायचा, ओटीपी बागायतदाराला फोन करून विचारायचा, आणि शेवटचं 'सबमिट' मी स्वतः वाचूनच दाबायचं, एवढं पहिल्याच दिवशी ठरवलं. स्क्रिप्टने फक्त रकाने भरायचे.

पहिला घोळ एक्सेलमध्ये झाला. आमच्याकडे जमिनीचा नंबर '१२/३' असा लिहितात, म्हणजे सर्व्हे बारा, हिस्सा तीन. इंग्रजी आकड्यात तो टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करून ठेवतं. खाते क्रमांकाचंही तसंच. एक्सेल आकड्याचे १५च अंक जपतं, त्यामुळे सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीचं शून्य तर गायबच. हे टाइप करतानाच घडतं, म्हणून नंतर स्क्रिप्टमध्ये काही लिहून अंक परत येत नाहीत. रकाने आधी 'टेक्स्ट' करायचे, मगच टाइप करायला बसायचं. वाचताना एवढं पुरतं:

```python
df = pd.read_excel("yadi.xlsx", dtype=str)
```

दुसरी अडचण गावाच्या यादीची. तालुका निवडल्यावर गावं सर्व्हरवरून येतात. स्क्रिप्ट त्याच्या आधीच गाव निवडायला जायची आणि अडायची. यादी भरेपर्यंत थांबायला सांगितल्यावर ते सुटलं:

```python
wait.until(lambda d: len(Select(d.find_element(By.ID, "village")).options) > 1)
```

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते सांगतो. मी एक नियम घातला होता : आमच्या यादीतलं बागायतदाराचं नाव आणि त्याच्या सातबाऱ्यावरचं नाव अक्षराला अक्षर जुळलं नाही, तर तो अर्ज भरायचा नाही, ती ओळ वेगळ्या फाईलमध्ये टाकायची. मला वाटलं होतं पाच-सहा ओळी निघतील. निघाल्या ६१.

त्यातल्या बावीस तर डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसत होत्या. कुऱ्हाडे आणि कुऱ्हाडे, फरक काय? शेवटी एकेक अक्षराचा कोड काढून बघितला. अर्धा 'र' दोन तऱ्हेने टाइप होतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि हलंत, दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि एक न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही एकच दिसतात, संगणकाला वेगळे. काही ओळींत नावाच्या शेवटी जागा सुटली होती. जुळवण्याआधी दोन्हीकडची नावं एका पद्धतीत आणली आणि बावीसच्या बावीस सुटल्या. आठ ठिकाणी खरीच स्पेलिंगची चूक होती, दत्ताराम आणि दत्ता वगैरे. ते कागद बघून आटोपलं.

उरल्या एकतीस. त्या ओळींत सातबाऱ्यावर माणूसच दुसरा होता, आणि तो हयात नव्हता. नावामागे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि तो वारून कित्येक वर्षं झालेली. बाग नातवंडं करतात, फवारणी तीच करतात, सातबारा आजोबांचा.

ह्या एकतीस जणांना मी सहा वर्षं ओळखत होतो. दर नोव्हेंबरला प्रत्येकापाशी अडायचो, फोन करायचो, मुंबईहून कोणा चाकरमान्याची सही मागवायचो, संमतीपत्रं जोडायचो आणि पुढचा अर्ज घ्यायचो. एकेक अर्ज समोर येतो तेव्हा तो एकट्याचाच प्रश्न वाटतो. फाईलमध्ये त्या एकाखाली एक आल्या तेव्हा मी सातबाऱ्यावरच्या नावाने क्रम लावला. एकतीस अर्ज, पण मयत माणसं फक्त नऊ. एकाच आजोबांच्या नावावर पाच चुलतभावांचे अर्ज अडले होते. आजोबा १९८७ साली वारलेले. त्यातला एक भाऊ ऑफिसात आला होता, त्याला स्क्रीनवर दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे आमचो आजो कागदार अजून जिवंत आसा."

टायपिंगचा वेळ माझा वाचला, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर तेच. एका अर्जाला आता दोन मिनिटं लागतात, तीही कॅप्चा, ओटीपी आणि वाचून बघण्यात. पण नोव्हेंबर खरा खात होती ती ही नऊ नावं, आणि ते मला कधी कळलं नव्हतं, कारण मी प्रत्येक वेळी तोडगा काढून पुढे जात होतो. स्क्रिप्टला तोडगा काढता येत नाही, ती थांबते.

नऊ घरांची यादी घेऊन आम्ही तलाठ्यांकडे गेलो. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं स्वयंघोषणापत्र आणि अर्ज लागतो. वारसांची नोंद आधी गाव नमुना सहा-क मध्ये होते, मग फेरफार. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस, आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. ऐकायला सोपं आहे. अडतं ते दोन ठिकाणी. जुन्या मृत्यूची नोंदच झालेली नसते, आणि वर्षाहून जुन्या मृत्यूची नोंद आता करायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दुसरं म्हणजे बहिणींची नावं. "तिचा लग्न झाला, तिचा नाव कित्याक?" हे मी तीन घरांत ऐकलं. मी प्रत्येक ठिकाणी हट्टाने सांगितलं की वारस नोंद म्हणजे वाटप नव्हे, आणि मुलगी वगळून दिलेली यादी खोटी ठरते, पुढे त्याच कागदावर भांडण उभं राहतं. दोन घरांनी नावं घातली. तिसऱ्या घराचं अजून अडलंय.

तुम्ही स्वतःचं काम असं करायला घेणार असाल तर नावं जुळली नाहीत तर 'अंदाजे भर' असं स्क्रिप्टला कधीही शिकवू नका. जवळपास जुळणारं नाव निवडायची सोय भाच्याने मला करून दिली होती, मी ती काढून टाकली. ती राहिली असती तर १८४ अर्ज एका दिवसात भरले गेले असते, आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर आजोबा आहेत त्यांची भरपाई पुढे कुठेतरी अडली असती, तीही मला न कळता.

नऊपैकी सहा घरांचे सातबारे आता बदललेत. दोन घरं दाखल्यासाठी थांबलीत. यंदा थांबलेल्यांच्या फाईलमध्ये अकरा ओळी आल्या. त्यातल्या दोन नव्या आहेत, त्या घरांतली माणसं ह्याच पावसाळ्यात गेली. त्यांच्या मुलांना मी दाखले घेऊन यायला सांगितलंय.